एका बाईचे दोन अर्ज

पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात तिला सगळे बाटलीबाई म्हणत. नव्यानं नोकरीला लागलेल्या चौकीदारानं पहिल्या दिवशी हे नाव ऐकलं, तेव्हा त्याची समजूत भलतीच झाली. बाई प्रयोगशाळेतून बाहेर पडताना त्यानं हळूच त्यांच्या चालीकडे बघून घेतलं. बाईंची चाल सरळ होती. पिशवीत मात्र खरंच बारा बाटल्या होत्या, आणि बाराही बाटल्यांत नळाचं पाणी.

नळ दिसला की बाटली भरायची, ही तिची खोड. नातेवाइकांकडे गेली तरी चहाच्या आधी ती मोरीत शिरायची. बाटलीत एक गोळी टाकायची, हलवायची आणि उजेडात धरायची. पाणी गुलाबी झालं तर त्यात पुरेसं क्लोरीन आहे म्हणून ती खूश. रंग आला नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या टेबलावर तीच बाटली उभी असायची. साहेब त्या बाटलीकडे पाहणं टाळायचे, आणि बाई बाटली उचलणं टाळायची. अशी चौदा वर्षं दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतलं होतं.

घरी नवरा, पंधरा वर्षांची लेक आणि सासूबाई. नवऱ्याचं शिवणकामाचं दुकान. तोंडात सदा टाचण्या, त्यामुळे तो फारसं बोलायचा नाही. सासूबाई त्याच्या वाटचंही बोलत.

गोष्ट सुरू झाली ती एका यंत्रामुळे. एका परक्या देशानं मदत म्हणून केंद्राला पाण्यातले विषारी अंश मोजणारं यंत्र दिलं होतं. यंत्र आलं, हार घालून झाला, फोटो झाले, आणि मग त्यावर जी चादर पडली ती तीन वर्षं पडलीच. कारण माहितीपुस्तक त्या देशाच्या भाषेत होतं. बाटलीबाई शब्दकोश घेऊन त्यातली अक्षरं लावत बसायची. महिनाभरानं तिला पहिलं वाक्य लागलं. ते होतं, ‘यंत्रावर चादर घालू नये.’

तिनं चादर काढली आणि एक दिवसाची रजा टाकून ती त्या देशाच्या दूतावासात गेली. वाचता येईल असं एखादं पुस्तक मिळतं का, एवढंच विचारायला. खिडकीमागच्या कारकून मुलीकडे पुस्तक नव्हतं. पण कुणाला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही म्हणून तिनं एक पत्रक पुढे केलं. ‘आमच्या सरकारची शिष्यवृत्ती. पदव्युत्तर शिक्षण.’

बाईनं ते बाहेरच्या बाकावर बसून दोनदा वाचलं. शिष्यवृत्ती विद्यापीठाची नव्हती, खुद्द त्या देशाच्या सरकारची होती. संपूर्ण फी, विमानाचं तिकीट, दरमहा निर्वाहभत्ता, विमा, आणि आधी एक वर्ष भाषा शिकवणार. अटी अशा: ठरलेल्या तारखेला वय चाळिशीच्या आत हवं, तिचं सदतीस होतं. पदवीला ऐंशी टक्के हवेत. तिला एक्क्याऐंशी होते. अर्जदार किंवा आईवडील त्या देशाचे नागरिक नसावेत. यावर ती एकटीच हसली. तिचे वडील जन्मात शेजारच्या तालुक्यापलीकडे गेले नव्हते.

पत्रकाच्या शेवटी ठळक अक्षरांत होतं: अर्ज करायला दोन वाटा आहेत. एक दूतावासामार्फत, त्यात तीन विद्यापीठांची पसंती देता येते. दुसरी थेट विद्यापीठामार्फत, त्यात एकच विद्यापीठ. दोहोंपैकी एकच वाट धरावी. दोन्हीकडून अर्ज आल्यास दोन्ही बाद.

तिनं दूतावासाची वाट धरली.

आता धाकट्या दिरांची ओळख करून द्यायला हवी. ते ‘परदेशी शिक्षण मार्गदर्शन केंद्र’ चालवत. काचेची खोली, फिरणारा पृथ्वीगोल, आणि भिंतीवर अंगठा वर करून उभ्या असलेल्या मुलामुलींचे फोटो. स्वतः भावोजी परदेशी कधी गेले नव्हते, पण गोल फिरवून कुठल्याही देशावर अचूक बोट ठेवायचे. घरात शिक्षणाचा विषय निघाला की त्यांना विचारल्याशिवाय कसं चालेल? बाईनं सगळी कागदपत्रं त्यांच्याकडे नेली. स्कॅन करायचं मशीन त्यांच्याकडे होतं.

“वहिनी, सरकारी शिष्यवृत्ती म्हणजे लॉटरी हो,” भावोजी कागद मशीनवर ठेवत म्हणाले. “छाननी, मुलाखत, मग त्यांच्या राजधानीतली समिती, मग वैद्यकीय तपासणी, मग विद्यापीठानं हो म्हणायचं. पाच गाळण्या! त्यापेक्षा विद्यापीठाचं स्वतःचं अवॉर्ड बघा. प्रवेशाचा अर्ज केला की त्यातच तुमचा विचार होतो. मार्क बरे असले की निम्मी फी माफ.”

“आणि उरलेली निम्मी?”

“ती आपण बघू ना.”

“राहायचं, खायचं, तिकीट?”

“तेही बघू.”

“म्हणजे विद्यापीठ निम्मं बघणार आणि दीडपट आम्ही बघणार,” बाई म्हणाली.

भावोजींना हे हसण्यावारी न्यावं लागलं. “तसं नाही हो. विद्यापीठ हुशारी बघतं. सरकार भलतंच बघतं. शिकून तुम्ही परत काय नेणार, तुमच्या देशात त्याचा उपयोग काय, दोन देशांचं नातं कसं वाढेल... तुम्ही काय नातं वाढवणार? तुम्ही नळ बघता!”

बाईनं कागद गोळा केले. घरी येऊन तिनं उद्देशपत्र लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीत चादरीची गोष्ट लिहिली. तुमच्या देशानं दिलेलं यंत्र आमच्याकडे तीन वर्षं झोपलंय. मला तुमची भाषा आणि पाण्याचं शास्त्र शिकवलंत, तर मी परत येऊन त्याला उठवीन. नवऱ्यानं ते वाचलं, तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि म्हणाला, “बरंय.” त्याच्या तोंडून एवढं आलं म्हणजे भाषणच झालं.

उरली शिफारस. एक पत्र जुन्या प्राध्यापकांनी दिलं. दुसरं सध्याच्या वरिष्ठांचं हवं होतं, म्हणजे साहेबांचं.

“मसुदा तुम्हीच करून आणा बाई,” साहेब फायलीतून मान वर न करता म्हणाले. “मी सही ठोकतो.”

“चालणार नाही साहेब. तुम्हीच लिहायचं, पाकीट बंद करायचं, आणि जिथे चिकटवलंय तिथे आडवी सही करायची. मी ते फोडलं तर अर्ज बाद.”

साहेबांची मान वर आली. “म्हणजे मी काय लिहिलं ते तुम्हाला वाचता येणार नाही?”

“नाही.”

“कधीच?”

“कधीच नाही.”

साहेब हसले. चौदा वर्षांत तिनं त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, आणि आता पाहिलं ते काही बरं वाटलं नाही. त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. दोन तासांनी शिपायाबरोबर पाकीट आलं. चांगलं जाडजूड होतं. आडवी सही तर अशी ठसठशीत, जणू किल्ल्याला अडसर.

अर्ज गेला. दीड महिन्यानं दूतावासातून पत्र आलं: तीनशेपैकी चाळीस जणांना मुलाखतीला बोलावलंय, पुढच्या सोमवारी या. घरात आनंदीआनंद. सासूबाईंनी अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं की सून परदेशी चालली. “अहो आई, नुसती मुलाखत आहे,” असं बाई मागून सांगत फिरली, पण सासूबाईंचा वेग तिच्याहून जास्त होता.

मंगळवारी सकाळी साहेबांनी तिला बोलावलं. चेहरा त्रासलेला.

“बाई, एकदा शिफारस लिहिली तेवढी पुरली नाही का? आता पुन्हा कशाला?”

त्यांच्या संगणकावर त्याच देशातल्या एका विद्यापीठाचा निरोप होता. ‘आपल्या येथील एक कर्मचारी सरकारी शिष्यवृत्तीसाठी आमच्या विद्यापीठामार्फत अर्ज करत आहेत. कृपया शुक्रवारपर्यंत शिफारस पाठवावी. त्याच दिवशी आम्ही नावांची यादी केंद्रीय कार्यालयाकडे धाडणार आहोत.’

बाईच्या पायांखालची जमीन सरकली. दोन्ही वाटांच्या याद्या त्या एकाच कार्यालयात जुळवल्या जाणार होत्या. तिथे तिचं नाव दोनदा दिसलं की दोन्ही ठिकाणी काट. आणि तिची सगळी कागदपत्रं स्कॅन करून ठेवलेला माणूस जगात एकच होता.

तिनं तिथूनच फोन लावला.

“अहो वहिनी, तुमच्यासाठीच केलं,” भावोजी म्हणाले. “एक दार बंद झालं तर दुसरं उघडं असावं.”

“भावोजी, दोन दारं ठोठावली तर दोन्ही बंद होतात. नियम आहे तसा.”

“नियम काय, लिहिलेले असतात. बारा वर्षं झाली मला या धंद्यात.”

“तुमच्या खात्यातून केलाय ना अर्ज? आजच्या आज मागे घ्या.”

“बघतो,” असं म्हणून भावोजींनी फोन ठेवला. बुधवारी सकाळपर्यंत त्यांनी काहीच बघितलं नव्हतं, आणि फोनही उचलत नव्हते.

सासूबाईंना सगळं समजावून सांगायला अर्धा तास लागला. समजल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला. “पण त्याला यात काय मिळतं?”

बाई थबकली. हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. मग हळूहळू उलगडलं. दूतावासातून गेलं तर मार्गदर्शन केंद्राला कुणी विचारत नाही. पण विद्यापीठात अर्ज पोचला, सरकारी शिष्यवृत्ती हुकली, आणि त्याच विद्यापीठानं निम्म्या फीचं अवॉर्ड देऊन प्रवेश दिला, तर विद्यार्थी आणून दिल्याबद्दल विद्यापीठ भावोजींना त्यांचा वाटा देणार.

“अस्सं,” सासूबाई म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या. “चल. आपण गिऱ्हाईक म्हणून जाऊ.”

काचेच्या खोलीत त्या वेळी पाच-सहा पालक आपापल्या मुलांना घेऊन बसले होते. भावोजी गोल फिरवत होते. वहिनी आणि आई रांगेत येऊन शहाण्यासारख्या बसलेल्या पाहून गोल अर्ध्यावरच थांबला.

“तुम्ही कशाला रांगेत? आत या ना!”

“नको हो, नंबरानं येऊ,” बाई गोड आवाजात म्हणाली. “आम्हालाही सगळ्यांसारखं मार्गदर्शन हवंय. तेवढ्यात एक शंका विचारू? बाहेरूनच विचारते. विद्यापीठानं स्वतःच्या पैशातून दिलं ते अवॉर्ड, आणि सरकारनं दिली ती शिष्यवृत्ती, बरोबर?”

“बरोबर,” भावोजी सावधपणे म्हणाले.

“सरकारी शिष्यवृत्तीला दूतावासात अर्ज करायला फी नाही, मध्ये कुणी माणूस लागत नाही, अर्ज ज्याचा त्यानं भरायचा. हेही बरोबर ना?”

शेजारच्या एका बापानं कान टवकारले. “मध्ये कुणीच लागत नाही?”

“कुणीच नाही हो,” बाई त्याच्याकडे वळून म्हणाली. “अटी संकेतस्थळावर असतात. वय, टक्के, कागद. फक्त तारीख चुकवायची नाही.”

“वहिनी, आत येता का जरा?”

“येते, येते. आईंचीही एक शंका आहे.”

सासूबाईंनी घसा साफ केला. “मला आपलं एवढंच कळत नाही बाळा, पोरगी विद्यापीठात पाठवली की विद्यापीठ तुला किती देतं?”

भावोजींचा हात निसटला आणि थांबलेला गोल कुरकुरत फिरला. सहा पालक एकदम भावोजींकडे बघू लागले. भावोजींनी आईकडे पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर इतकं निरागस कुतूहल होतं की कुणालाही दया यावी.

“वहिनी,” भावोजी दबक्या आवाजात म्हणाले, “दहा मिनिटं द्या.”

सात मिनिटांतच अर्ज मागे घेतला गेला. विद्यापीठाकडून तसा निरोप यायला मात्र दुसरा दिवस उजाडला. ‘आपला अर्ज रद्द केला आहे. आपले नाव यादीत जाणार नाही.’ बाईनं त्याची छापील प्रत काढली. त्या दिवशी दोघी काचेच्या खोलीतून बाहेर पडताना भावोजी पडेल चेहऱ्यानं म्हणाले होते, “मी खरंच तुमचं वाईट नव्हतं हो चिंतलं.” आणि ते खरंही होतं. त्यांनी तिचं भलंच चिंतलं होतं, फक्त त्यात स्वतःचं थोडं मिसळलं होतं.

सोमवारी मुलाखत. टेबलापलीकडे तिघं. दूतावासाच्या शिक्षण अधिकारी बाई, इथल्याच एका विद्यापीठातले पाण्याचे प्राध्यापक, आणि पूर्वी हीच शिष्यवृत्ती मिळवून परत आलेला एक तरुण इंजिनिअर. प्राध्यापकांनी विषयाचे प्रश्न विचारले. ती उत्तरं तिला झोपेतही देता आली असती. इंजिनिअरनं विचारलं, भाषेच्या वर्गात तुमच्या लेकीच्या वयाची मुलं असतील, जमेल का? ती म्हणाली, “लेक मला रोज शिकवतेच. सवय आहे.”

मग अधिकारी बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. आमच्या सरकारच्या या शिष्यवृत्तीसाठी आणखी कुठून अर्ज केलाय?

भावोजींनी आदल्या रात्री फोन करून बजावलं होतं, ‘त्याबद्दल अवाक्षर काढू नका.’ बाईनं छापील प्रत टेबलावर ठेवली. “माझ्या नावानं एक अर्ज विद्यापीठाकडे गेला होता. मी केला नव्हता, पण कागद माझेच होते, आणि दुसऱ्याच्या हातात मीच दिले होते. कळल्यावर दुसऱ्या दिवशी मागे घ्यायला लावला. यादी जाण्याच्या आत रद्द झाला, ही त्याची तारीख.”

अधिकारी बाईंनी प्रत नीट वाचली, फाइलला लावली, आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. मग त्यांनी फाइलमधून एक जाडजूड पाकीट काढलं. ते पाकीट बाईनं लगेच ओळखलं.

“तुमच्या साहेबांनी लिहिलंय,” त्या म्हणाल्या, “की तुम्ही त्यांना न विचारता एका भागाचा पाणीपुरवठा बंद केलात. खरं?”

“खरं.”

“किती वेळ?”

“नऊ तास. क्लोरीनचा पंप बिघडला होता. साहेब बैठकीत होते, फोन लागेना. तसंच पाणी सोडलं असतं तर लोकांनी प्यायलं असतं.”

“पुढे लिहितात, ‘सदर कर्मचारी वादविवाद करतात. टेबलावर बाटल्या ठेवतात. बाटली का ठेवली असे विचारल्यास आकडे सांगतात. आकडे तपासल्यास ते बरोबर निघतात, त्यामुळे पुढील चर्चा खुंटते.’” इंजिनिअरनं तोंडावर हात धरला. अधिकारी बाई तशाच गंभीरपणे वाचत होत्या. “‘अशी तक्रार एकूण तीन पाने आहे. तरी माझी विनंती की यांना अवश्य न्यावे. मात्र काम झाल्यावर परत करावे. येथे यांच्या जागी दुसरे कोणी नाही.’”

चौदा वर्षं टेबलावर ठेवलेल्या बाटल्या त्या माणसानं मोजल्या होत्या की काय कोण जाणे. डोळे भरून आले, आणि मुलाखतीत रडायचं नसतं म्हणून तिनं समोरच्या ग्लासातलं पाणी घेतलं. घेता घेता सवयीनं ग्लास उजेडात धरला.

“कसं आहे?” अधिकारी बाईंनी विचारलं.

“गोळी नाही आत्ता जवळ,” बाई म्हणाली. तेव्हा मात्र तिघंही हसली.

दूतावासानं आठ नावं पुढे पाठवली. तिचं सातवं होतं. राजधानीतल्या समितीनं सगळे कागद पुन्हा तपासले आणि दोघांना गाळलं. वैद्यकीय तपासणी झाली. मग तिच्या तीन पसंतीच्या विद्यापीठांकडे फाइल गेली, कारण सरकारनं पैसे द्यायचे म्हटलं तरी वर्गात घ्यायचं की नाही ते विद्यापीठच ठरवतं. पहिल्यानं नाही म्हटलं. दुसरं नामांकित होतं, त्यानंही नाही म्हटलं. तिसरं एका लहानशा गावात होतं, भावोजींच्या गोलावर त्याचा ठिपकाही नव्हता. त्यानं हो म्हटलं.

ती पत्र घेऊन साहेबांकडे गेली. तीन वर्षांची अभ्यासरजा हवी होती. साहेबांनी हमीपत्र पुढे सरकवलं: परत आल्यावर पाच वर्षं हीच नोकरी. तिनं सही केली. शिफारसपत्राचा विषय दोघांनीही काढला नाही. फक्त ती दारापाशी पोचल्यावर साहेब म्हणाले, “दुसऱ्या पानावर बाटल्यांचा आकडा चुकला असेल. अंदाजानं लिहिला.”

भाषेचं वर्ष तिला फार जड गेलं. वर्ष संपायच्या आत, दोन खेपांत, ठरावीक पातळीची परीक्षा पास व्हायची, नाहीतर शिष्यवृत्ती तिथेच थांबणार, अशी अट होती. पहिल्या खेपेला ती चार गुणांनी नापास झाली. घरी तिनं दोन दिवस सांगितलंच नाही. तिसऱ्या दिवशी सांगितलं, तेव्हा फोनवर बराच वेळ नुसता शिवणयंत्राचा आवाज येत राहिला. मग तो थांबला.

“अजून एक परीक्षा आहे ना?” नवऱ्यानं विचारलं.

“आहे. दोन महिन्यांनी.”

“मग दे की.”

दुसऱ्या खेपेला ती अकरा गुण जास्त घेऊन पास झाली. त्या दुपारी ती वसतिगृहातल्या स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, बाटली भरली, आणि शेजारी भांडी घासणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीला तिच्याच भाषेत, अडखळत पण व्याकरणात न चुकता, विचारलं, “हे पाणी येतं कुठून, सांगशील का?”

मुलीला माहीत नव्हतं. मग दोघी मिळून शोधायला बाहेर पडल्या.